दोन्ही लघवीच्याच गोळ्या, पण पोटॅशियम उलट्या दिशेला

टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन अशा तीन गोळ्या चालू असूनही माझं बीपी १५८/९४च्या खाली येत नव्हतं. त्यात संध्याकाळी पाय सुजायचे. तेव्हाच्या डॉक्टरांनी टॉरसेमाइड ही लघवीची गोळी लिहून दिली. रक्त तपासायला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सकाळी गोळी घेतली की काही तास बाथरूमच्या फेऱ्या, मग सगळं शांत. बीपी मात्र जागच्या जागी. तीन आठवड्यांनी रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. पोटॅशियम निघालं ३.२, म्हणजे कमी. त्या म्हणाल्या, "अहो, ही गोळी मूत्रपिंडातून मीठ आणि पाणी जोरात बाहेर काढते, सोबत पोटॅशियमही वाहून जातं. क्लोरथॅलिडोनही तेच करते. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल तर ही हवीच, नुसत्या बीपीला नको." आणि पायांची सूज? ती बहुधा अॅम्लोडिपिनची होती. त्या सुजेवर लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

टॉरसेमाइड बंद झाली, अॅम्लोडिपिन निम्मी झाली. पोटॅशियम ४.२ वर आल्यावर स्पायरोनोलॅक्टोन ही दुसरी लघवीची गोळी २५ मिलिग्रॅम सुरू झाली. तिन्ही गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीत बऱ्याचदा हीच चौथी गोळी देतात. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला आणि पोटॅशियम सोडायला लावतं. ही गोळी त्याचीच वाट अडवते. त्यामुळे मीठ जातं आणि पोटॅशियम अंगात साठतं. टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवते, म्हणून चिठ्ठीवर आधीच लिहिलं होतं: एका आठवड्याने आणि चार आठवड्यांनी पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासायचं.

पहिल्या आठवड्यात ४.८. चौथ्यात ५.७! मला तर काहीच होत नव्हतं. उलट बीपी १३४/८२ झालं होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी ईसीजी काढला आणि रक्त पुन्हा तपासलं, कारण नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या तरी आकडा खोटाच वाढतो. ईसीजी ठीक होता, पण आकडा खरा होता. पोटॅशियम वाढलेलं अनेकदा जाणवतच नाही आणि थेट हृदयाची लय बिघडते, हे त्यांनी तेव्हा सांगितलं.

मग उलटतपासणी. गुडघ्यासाठी मी दहा दिवस आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी घेत होतो, तिनेही पोटॅशियम वाढतं, आणि बीपीला बरं म्हणून कमी सोडियमचं मीठ खात होतो. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, हे डब्यावर छापलेलं असूनही मी कधी वाचलं नव्हतं.

दोन्ही बंद केलं, स्पायरोनोलॅक्टोन १२.५ वर आणली. आठवड्याने पोटॅशियम ४.९. पुढची तपासणी महिन्याने आहे. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याआधीच फोन करायचा, असं बजावलंय.