त्याच बुचातून हायड्रोजन गरम का होतो?

“सर, दाबाखालचा वायू सच्छिद्र बुचातून मोकळा सोडला की थंड होतो, मग त्याच बुचातून जाताना हायड्रोजन गरम का होतो? आणि हे इन्व्हर्शन तापमान नेमकं काय सांगतं?”

बारावीच्या वर्गात हे दरवर्षी विचारले जाते, आणि फोंड्यात वेल्डिंगचे दुकान चालवणारे माझे एक परिचितही वेगळ्या शब्दांत हेच विचारतात, कारण पावसाळ्यात नायट्रोजनच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काही मिनिटांतच ओला होतो. आपल्याकडे जुलैत हवा इतकी दमट असते की धातू चार-पाच अंशांनी थंड झाला तरी त्यावर दव साचते. पुष्कळांना वाटते की पसरताना वायू काम करतो, त्यात त्याची ऊर्जा खर्च होते आणि म्हणून तो थंड होतो. सिलिंडरमध्ये मागे उरलेल्या वायूबाबत हे खरे आहे, कारण तो बाहेर जाणाऱ्या वायूला ढकलत असतो. रेग्युलेटरमधून सतत वाहणाऱ्या वायूचा हिशेब मात्र निराळा आहे. घरातल्या गॅसच्या सिलिंडरचा गारवा तर तिसऱ्याच कारणाचा, म्हणजे आतल्या द्रवाच्या बाष्पीभवनाचा असतो, तो इथे बाजूला ठेवू.

जूल आणि विल्यम थॉमसन यांनी 1852 पासून केलेल्या प्रयोगांत वायू कापसासारख्या पदार्थाच्या घट्ट बोळ्यातून, म्हणजे सच्छिद्र बुचातून, संथपणे जाऊ दिला. एका बाजूचा दाब जास्त, दुसऱ्या बाजूचा कमी, आणि दोन्ही स्थिर. बाहेरून उष्णता येऊ नये याची काळजी घेतलेली होती. साधे भोक का नको, हा प्रश्न विद्यार्थी क्वचितच विचारतात, पण माझ्या मते प्रयोगाचे मर्म तिथेच आहे. भोकातून वायूचा झोत सुटतो, आणि सेकंदाला 100 मीटर वेगाने जाणाऱ्या हवेच्या प्रत्येक किलोत सुमारे 5000 जूल गतिज ऊर्जा असते. ती हवेच्याच ऊर्जेतून आलेली असल्यामुळे झोतातली हवा तेवढ्यापुरती सुमारे 5 अंश थंड असते, आणि झोत पुढे विरला की ती परत तापते. आपल्याला जो परिणाम मोजायचा आहे तो हवेसाठी दर बार दाबामागे साधारण पाव अंशाचा आहे, म्हणजे झोताजवळ ठेवलेला तापमापक भलतेच सांगेल. बुचाच्या बारीक वाटांत वेग वाढूच शकत नाही, आणि घर्षणाने निर्माण होणारी उष्णता वायूतच राहते. प्रवाह सुरू करून बुचाचे स्वतःचे तापमान स्थिर होईपर्यंत थांबावेही लागते, नाहीतर आपण वायूऐवजी कापसाचे तापमान वाचतो.

आता एक मोल वायूचा हिशेब मांडू. मागचा वायू त्याला बुचात ढकलतो तेव्हा त्याच्यावर p₁V₁ इतके काम होते, आणि पलीकडे तो पुढच्या वायूला ढकलताना p₂V₂ इतके काम करतो. उष्णतेची देवाणघेवाण नाही, म्हणून अंतर्गत ऊर्जा आणि pV यांची बेरीज, अर्थात एन्थाल्पी, दोन्हीकडे सारखीच राहते. आदर्श वायूची ही बेरीज केवळ तापमानावर अवलंबून असते, त्यामुळे त्याचे तापमान मुळीच बदलत नाही. म्हणजे दाब कमी होणे हे एकटे थंड होण्याचे कारण नव्हेच. तापमान बदलते ते रेणू एकमेकांना ओढतात आणि अगदी जवळ आले की दूर लोटतात म्हणून.

ही ओढ आणि हा लोट व्हॅन डर वाल्सच्या समीकरणात `a` आणि `b` या दोन संख्यांनी येतात. दाब फार नसेल तर दर एकक दाबामागे होणारी तापमानातली घट अशी मिळते:

`μ = (2a/RT − b) / Cp`

इथे `R` हा वायू स्थिरांक, `T` हे केल्विनमधले तापमान आणि `Cp` ही स्थिर दाबाची मोलर उष्णताधारकता. रेणू दूर जाताना परस्परांच्या ओढीविरुद्ध जातात आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा त्यांच्या गतीतून जाते, म्हणून पहिले पद थंड करणारे आहे. `b` हे रेणूंनी अडवलेल्या जागेचे पद आहे. तिच्यामुळे जास्त दाबाच्या बाजूला pV आदर्श वायूपेक्षा मोठा असतो, बूच ओलांडल्यावर तो घटतो आणि ती घट तापमानात जमा होते. कंसातली दोन्ही पदे आकारमानाची असल्यामुळे त्यांची तुलना सरळ मिलिलिटरमध्ये करता येते.

300 केल्विनला, म्हणजे आपल्या 27 अंशांना, एक मोल नायट्रोजनसाठी पहिले पद सुमारे 110 मिलिलिटर आणि दुसरे 39 येते. फरक 71. एक बार दाबाने याला गुणले की 7.1 जूल होतात, आणि 29 या मोलर उष्णताधारकतेने भागले की दर बारमागे 0.24 अंश थंडावा मिळतो. मोजलेला आकडा 0.2 च्या किंचित वर आहे. फोंड्याच्या दुकानातला 150 बारचा नायट्रोजन यामुळे पंचवीस-एक अंशांनी उतरतो (जास्त दाबाला परिणाम थोडा कमी होतो), आणि रेग्युलेटरवरचे दव तिथून येते.

हायड्रोजनची ओढ फारच दुबळी आहे. त्याच तापमानाला त्याचे पहिले पद सुमारे 20 आणि दुसरे 27. फरक उणे 7, म्हणून तो तापतो, पण दर बारमागे अंशाच्या तीन शतांशांइतकाच. 150 बारवरून सोडला तरी वाढ चार-पाच अंशांची असते. गळणारा हायड्रोजन या तापण्यामुळेच पेट घेतो असे काही ठिकाणी शिकवले जाते, ते मला पटत नाही, कारण तो आपोआप पेटायला 500 अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते.

आता हाच हायड्रोजन 100 केल्विनपर्यंत आधी थंड करून घ्या. `b` तेवढाच राहतो, पण पहिले पद `T` ने भागलेले असल्यामुळे तिप्पट होऊन सुमारे 59 होते, आणि हायड्रोजन नायट्रोजनसारखा थंड होऊ लागतो. ज्या तापमानाला दोन्ही पदे सारखी होतात ते इन्व्हर्शन तापमान: `T = 2a/Rb`. बुचात शिरणारा वायू त्याच्या खाली असेल तर थंड होईल आणि वर असेल तर तापेल, एवढेच ते सांगते. त्याच्या खाली गेले की वायू द्रव होतो, हा समज चुकीचा आहे. त्यासाठी क्रांतिक तापमानाखालीच जावे लागते, आणि नायट्रोजनचे ते 126 केल्विन आहे, इन्व्हर्शन तापमान मात्र सुमारे 620.

सूत्राची मर्यादाही इथेच दिसते, कारण नायट्रोजनसाठी ते 850 केल्विन देते. हायड्रोजनसाठी ते सुमारे 220 देते आणि मोजमाप 200 च्या आसपास आहे. शिवाय हे आकडे कमी दाबाचे आहेत. दाब वाढला की वरची सीमा खाली सरकते आणि खालूनही एक सीमा येते, व दाब फारच चढवला तर कोणत्याही तापमानाला थंडावा मिळत नाही.

म्हणूनच लिंडे यांनी 1895 मध्ये नेहमीच्या तापमानाची हवा या मार्गाने द्रव केली, पण 1898 मध्ये ड्यूअर यांना हायड्रोजन आधी द्रव हवेने थंड करावा लागला. हीलियमला तेही पुरत नाही. त्याचे इन्व्हर्शन तापमान सुमारे 40 केल्विन आहे, आणि द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनलाही त्याचे पहिले पद 11 तर दुसरे 24 असते, म्हणजे तो तापतच राहतो. द्रव हायड्रोजनच्या 20 केल्विनला पहिले पद 42 वर जाते, आणि त्या वाटेनेच कामरलिंग ओनेस यांनी 10 जुलै 1908 रोजी लायडनमध्ये हीलियम द्रव केला.