सूट कशावर?

नागपुरात इतवारीच्या सराफ्यातल्या एका छोट्या पेढीसाठी दिवाळीच्या शुभेच्छांचा व्हिडिओ लिहायचं काम होतं. बोलणार होते पेढीचे काका स्वतः. त्यांनी लिहून आणलेल्या कागदावर मोठ्या अक्षरात होतं, ‘सोन्याच्या दागिन्यांवर 25 टक्के सूट.’

मी विचारलं, “काका, ही सूट कशावर?”

“मजुरीवरच ना भाऊ! सोन्याच्या भावात सूट कोण देते?”

सराफाला हे उघड असतं, व्हिडिओ बघणाऱ्याला नसतं. मी कागदाच्या मागे हिशेब मांडला. दहा ग्रॅमची पोत धरली, आणि सोपं पडावं म्हणून भाव धरला एक लाख. 12 टक्के मजुरी म्हणजे 12,000. त्यावर 25 टक्के सूट, म्हणजे 3,000. उरले 1,09,000, त्यावर 3 टक्के जीएसटी, बिल 1,12,270. सूट नसती तर 1,15,360 झालं असतं. गिऱ्हाइकाचे वाचले 3,090 रुपये. ते मात्र दागिन्याच्या एकूण किमतीवर पाव सूट धरून आलेलं असतं, म्हणजे 28,000 कमी होतील या आशेनं. धनत्रयोदशीच्या गर्दीत ही तफावत काउंटरवर कळली की आधी आवाज चढतो, मग जुनं गिऱ्हाईक तुटतं. ‘अटी लागू’ असं बारीक अक्षरात खाली टाकून भागत नाही. फोनवर ते वाचताच येत नाही.

म्हणून ‘मजुरीवर’ हा शब्द आकड्याच्या आधी घेतला आणि दोनदा बोलायचा ठरवला. सोन्याचा भाव व्हिडिओत घेतलाच नाही. व्हिडिओ आठवडाभर फिरत राहतो आणि भाव रोज बदलतो.

काकांचा मजकूर मोठ्यानं वाचला तर दीड मिनिट लागत होतं. निवांत बोललं तर मिनिटात साधारण 110 शब्द बसतात, त्यामुळे निम्म्याहून जास्त कापून साधारण पंचवीस सेकंदांवर आणला. ‘सर्व ग्राहकांचे मनःपूर्वक आभार’ गेलं. त्याऐवजी काका बोलता बोलता जे म्हणाले होते तेच ठेवलं. शेवटी झालं ते असं:

“नमस्कार. आईच्या पाटल्या आमच्याकडे घडल्या, आता लेकीचं मंगळसूत्रही तुम्ही आमच्याकडूनच घेता. त्या विश्वासाबद्दल आभार. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत सोन्याच्या दागिन्यांच्या मजुरीवर 25 टक्के सूट आहे. सूट फक्त मजुरीवर, सोनं त्या दिवशीच्या भावानं. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, बीआयएस केअर अ‍ॅपवर आमच्यासमोरच तपासून घ्या. दिवाळीच्या शुभेच्छा!”

चित्रण सकाळी, शटर अर्धं खाली ठेवून केलं, कारण दहानंतर इतवारीतल्या हॉर्नपुढे कॉलरचा माइकही कमी पडतो. पहिल्या टेकला काका सवयीनं “दागिन्यांवर सूट” असंच म्हणाले. तो टेक लगेच पुसला, चुकून तोच पाठवला जाऊ नये म्हणून.