शिफारसपत्र

आज सकाळपासून एकच पत्र लिहीत बसले होते. शेवटच्या वर्षाची माझी एक विद्यार्थिनी एम.एस.साठी अर्ज करते आहे. पहिल्या मसुद्यात ‘मेहनती, प्रामाणिक, उत्तम नेतृत्व’ असं सगळं आलं आणि वाचताना जाणवलं, हे तर कुणालाही लागू पडेल. सगळं खोडलं आणि तिची प्रोजेक्ट डायरी मागवून घेतली.

चौघांचा प्रोजेक्ट होता, ठिबक सिंचनाचा कंट्रोलर. पीसीबी, म्हणजे सर्किटचा छापील बोर्ड, बनून यायला दोन आठवडे लागतात, म्हणून तिने वेळापत्रक शेवटच्या तारखेपासून उलटं मांडलं होतं आणि दुसऱ्यांदा बोर्ड मागवावा लागलाच तर, म्हणून तेवढे दिवस राखून ठेवले होते. आणि झालंही तसंच! ट्रान्झिस्टरच्या पिना डिझाइनमध्येच उलट्या पडल्या होत्या, रिले धड ओढेना. चूक ज्या मुलाची, त्याच्यावर कुणी आवाज चढवला नाही. डायरीत त्या दिवशीची नोंद एवढीच: ‘नवीन बोर्ड येईपर्यंत ब्रेडबोर्डवर टेस्टिंग. पिना यापुढे दोघांनी तपासायच्या.’ अक्षर तिचं, खाली सह्या चौघांच्या.

हा प्रसंग पत्रात जसाच्या तसा घातला. तिला मी किती दिवस आणि कोणत्या विषयांत ओळखते, तेही लिहिलं. संशोधनाचं काम मी तिचं पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल एक शब्द लिहिला नाही.

संध्याकाळी पत्र अपलोड केलं. बाहेर पुण्याचा पाऊस सुरू झाला होता. तिला मेसेज केला, ‘पाठवलं गं.’