कुशिंगचं ऑपरेशन आणि त्याआधीची तयारी

कुशिंग म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन प्रमाणाबाहेर वाढण्याचा आजार. माझ्यात त्याचं कारण होती मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतली एवढीशी गाठ. ती काढली की विषय संपला, असं मी धरून चालले होते. पण चोवीस तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या सहापट आलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. म्हणाले, "एवढ्या कॉर्टिसॉलवर मला इन्फेक्शनची आणि रक्ताच्या गुठळीची भीती जास्त वाटते. आधी ते खाली आणू."

त्यांनी अंगभर तपासलं, तेव्हा मांडीवर एक लालसर फुगवटा सापडला. ताप नाही, ठणका जेमतेम. सोनोग्राफीत मात्र आत चांगलाच पू निघाला. कॉर्टिसॉल जास्त असलं की ताप, सूज, वेदना दबतात. पांढऱ्या पेशी आधीच वाढलेल्या असतात, त्यामुळे त्या आकड्यावरही विसंबता येत नाही. पोटात आतडं फुटलं तरी पोट मऊच लागू शकतं, हे ऐकून मी हादरले. पू काढला, अँटिबायोटिकचा कोर्स झाला.

कॉर्टिसॉल उतरवायला मेटिरापोन सुरू करायचं होतं, पण त्याआधी कोट्रायमोक्साझोल हे सल्फा असलेलं औषध सुरू झालं. कारण विचित्र आहे. न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी फुफ्फुसात गुपचूप वाढलेली असू शकते. कॉर्टिसॉल उतरून प्रतिकारशक्ती जागी झाली की ती या बुरशीवर तुटून पडते आणि नेमका तेव्हाच दम लागतो. सल्फाची अॅलर्जी आहे का, हे आधी विचारलं. मी स्पायरोनोलॅक्टोनही घेत होते. दोन्ही औषधं पोटॅशियम वाढवतात, म्हणून रक्ततपासण्या वारंवार झाल्या.

गुठळीचं प्रकरण मला पटायला वेळ लागला. हात नुसता टेबलाला लागला तरी नीळ पडायची, मग रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन कशाला? नीळ पडते ती कातडी आणि बारीक रक्तवाहिन्या नाजूक झाल्यामुळे, असं कळलं. रक्तात मात्र फॅक्टर ८ सारखे गोठवणारे घटक वाढलेले असतात आणि झालेली गुठळी विरघळायलाही वेळ लागतो. इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेत असाल तर ते डॉक्टरांना वेळीच सांगा. त्या गोळ्यांनी गुठळीचा धोका आणखी वाढतो.

मला हे इंजेक्शन इनॉक्सापॅरिनचं होतं, ४० मिलिग्रॅम रोज एकदा, बेंबीपासून दूर, कातडीची घडी धरून. टोचल्यावर चोळायचं नाही. मी एकदा चोळलं आणि तळहाताएवढा डाग पडला. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डोस थांबवला, रक्तस्राव नाही याची सर्जननी खात्री केल्यावर पुन्हा चालू केला. दुसऱ्या दिवसापासून मला चालवलं.

गाठ निघाली तरी रक्ताचा हा गुण लगेच जात नाही. त्यामुळे घरी आल्यावरही काही आठवडे इंजेक्शन होतं, गाठ काढल्यावर शरीरात कॉर्टिसॉल कमी पडतं म्हणून दिलेल्या हायड्रोकॉर्टिसोनच्या जोडीने. एकाच पोटरीला सूज, अचानक धाप किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत जायचं, असं डिस्चार्जच्या कागदावर लाल पेनने लिहून दिलं होतं.