दोन्ही मुळे धन

दुपारी जेवणं आटोपून जरा आडवा होणार, तेवढ्यात भाची वही घेऊन आली. "मामा, पुस्तकातलं उत्तर चुकलंय." अकरावीतल्या पोरांना हे वाक्य म्हणताना जो आनंद होतो, तो मला चांगला ठाऊक आहे. त्यामुळे झोप गेली तरी राग आला नाही. गणित असं होतं: (k − २)x² − २kx + (k + ३) = ० या समीकरणाची दोन्ही मुळे धन असण्यासाठी k च्या किमती काढा.

'दोन्ही मुळे धन' हे शब्द वाचून मला आमची दहावीची शाब्दिक उदाहरणं आठवली. बागेची लांबी, नावेचा वेग, बापलेकाचं वय. मुळं दोन निघायची आणि शेवटची ओळ पाठच असायची: 'परंतु वय ऋण असू शकत नाही, म्हणून x ≠ −१२'. ती ओळ लिहिली नाही तर आमचे सर गुण कापत. मला त्या टाकून दिलेल्या मुळाची उगाच दया यायची. समीकरण त्यानंही तितकंच इमानानं सोडवलेलं असायचं, पण त्याला कोणी बागेत घेत नसे. एखाद्या उदाहरणात दोन्ही मुळं धन निघाली की बरं वाटायचं.

तशी ती निघणार की नाही, हे मुळं न काढताच सांगता येतं. गुणाकार धन असेल तर दोघांची चिन्हं एकच. बेरीज धन असेल तर ते एक चिन्ह अधिकच. एकटी बेरीज कामाची नाही, कारण ७ आणि −२ यांचीही बेरीज ५ येते. एकटा गुणाकारही नाही, −२ आणि −३ तिथे खुशाल पास होतात. आणि दोन्ही जमलं तरी मुळं अस्तित्वात हवीत ना? x² − २x + ७ = ० बघा. बेरीज २, गुणाकार ७, सगळं छान. पण डावी बाजू म्हणजे (x − १)² + ६, ती कधी शून्य होणारच नाही. विवेचक ४ − २८, म्हणजे ऋण. वास्तव मुळंच नाहीत, मग धन कुठली? म्हणून विवेचक शून्य किंवा धन ही तिसरी अट. 'किंवा शून्य' हे विसरायचं नाही. दोन्ही मुळं सारखी असली म्हणून ती काही कमी धन होत नाहीत.

भाचीला हे सगळं येत होतं. तिनं बेरीज मांडली होती २k/(k − २), गुणाकार (k + ३)/(k − २), आणि विवेचकाचा चौथा भाग k² − (k − २)(k + ३). त्यातला k² उडून उरतं ६ − k, म्हणजे k ≤ ६. इथवर सुंदर. पुढे मात्र तिनं छेदातला k − २ सरळ पलीकडे पाठवून दिला होता. राहिलं k > ० आणि k > −३. तिचं उत्तर ० पासून ६ पर्यंत. पुस्तकाचं उत्तर k < −३ किंवा २ < k ≤ ६.

"k एक घालून बघ," मी म्हटलं. तिच्या उत्तरात एक बसतो. −x² − २x + ४ = ०, चिन्हं बदलून x² + २x − ४ = ०. गुणाकार −४. मुळं −१ ± √५, एक धन आणि एक ऋण. मग पुस्तकाच्या बाजूनं −४ घातला: ६x² − ८x + १ = ०. बेरीज चार तृतीयांश, गुणाकार एक षष्ठांश, विवेचक ४०. मुळं साधारण १.१९ आणि ०.१४. दोन्ही धन, आणि k मात्र चांगला ऋण! भाची पुस्तकाकडे जरा नाराजीनंच बघत राहिली.

दोष त्या छेदाचा. k − २ ऋण असेल तेव्हा त्यानं गुणलं की असमता उलटते, आणि तो ऋण आहे का धन हे आपल्याला आधी ठाऊक नसतं. भागाकार धन म्हणजे अंश आणि छेद एकाच चिन्हाचे, एवढंच धरून चालावं. बेरजेवरून k < ० किंवा k > २. गुणाकारावरून k < −३ किंवा k > २. त्यावर k ≤ ६ ची कात्री, की पुस्तकाचं उत्तर हातात. भाची ते खोडून लिहायला बसली आणि मी नुसताच k ला रेषेवरून चालवत बसलो. तो माझा जुना नाद आहे.

डावीकडून येताना −३ पर्यंत दोन्ही मुळं धन. −३ ला समीकरण होतं −५x² + ६x = ०, मुळं ० आणि १.२. म्हणजे धाकटं मूळ शून्यावर पोचलं. पुढे ते ऋण बाजूला उतरतं आणि k वाढेल तसं लांब लांब जातं. k = १.९ ला ते जवळपास −३९ वर असतं, थोरलं मात्र १.२५ च्या आसपास निवांत. k = २ ला x² च नाहीसा होतो, उरतं −४x + ५ = ०, मूळ एकच, सव्वा. दुसरं गेलं कुठं? k = २.१ करा, तर ते जवळपास ४१ वर हजर, तेही धन बाजूला! डावीकडच्या अनंतात गेलेलं पोर उजवीकडच्या अनंतातून घरी आलं. मग ते हळूहळू थोरल्याकडे सरकतं आणि k = ६ ला, ४x² − १२x + ९ = ० मध्ये, दोघं दीडवर भेटतात. त्यापुढे वास्तव रेषेवर कोणीच नाही.

मुळाला चिन्ह बदलायचं तर एक तर शून्यातून जावं लागतं किंवा अनंतातून. शून्याचं दार उघडतं शेवटचं पद शून्य झालं की, अनंताचं दार x² चा सहगुणक शून्य झाला की. गुणाकाराच्या अपूर्णांकात हीच दोन दारं वर आणि खाली बसलेली असतात. भाचीनं खालचं दारच पुसून टाकलं होतं.

हे तिला सांगावं म्हणून मान वर केली तर ती वही मिटून निघाली होती. उत्तर जुळलं होतं ना.

मग पडल्या पडल्या भास्कराचार्यांची माकडं आठवली. 'बीजगणिता'तलं उदाहरण आहे: टोळीच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय, तर एकूण किती? समीकरण येतं x² − ५५x + २५० = ०. बेरीज ५५, गुणाकार २५०, विवेचक २०२५ म्हणजे ४५ चा वर्ग. तिन्ही अटी झोकात पास. मुळं ५० आणि ५, दोन्ही धन. तरी आचार्यांनी ५ नाकारलं. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन, आणि अशी ऋण संख्या लोकांना पटत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण उणे दोनाचा वर्ग चार. चार माकडं गुहेत, एक फांदीवर, झाली पाच. हिशेब चोख आहे. त्या चौघांना गुहेबाहेर काढणं मला काही अजून पटलेलं नाही.