आधी भांडं सांगा

"कॉफी भाजून विकणाऱ्या रोस्टरीत पहिल्यांदाच जाणार आहे. घरी मोका पॉट आहे. तिथे जाऊन नेमकं विचारायचं काय?"

आधी भांडं सांगा, मग दूध घालता की नाही ते सांगा, आणि त्यानंतर सध्या घरी होणाऱ्या कॉफीबद्दलची तक्रार सांगा. एवढं बोलून झालं की पुढचे बरेचसे प्रश्न रोस्टर स्वतःच विचारतो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे माहीत नव्हतं. पुण्यात आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक छोटी रोस्टरी आहे. आत शिरताच मी विचारलं, "तुमच्याकडची सगळ्यात चांगली कॉफी कोणती?" भट्टीजवळच्या मुलाने हातातला डबा खाली ठेवला आणि म्हणाला, "करता कशात, ताई?"

मोका पॉट म्हटल्यावर त्याचा पुढचा प्रश्न आला, किती कपांचा? मग गॅसवर की इंडक्शनवर, दूध किती, साखर घालता का, आणि घरी ग्राइंडर आहे का. माझा तीन कपांचा, गॅसवरचा. निम्मं दूध, थोडी साखर, ग्राइंडर नाही. मग त्याने विचारलं, "आत्ता जी कॉफी होते, तिच्यात काय आवडत नाही?"

यावर माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. आधीच्या महिन्यात मी ऑनलाइन एक पाकीट मागवलं होतं. लाइट रोस्ट, वर स्ट्रॉबेरी आणि मधाच्या चवीचं वर्णन. घरी केली तर काळी पिताना आंबट लागायची आणि दूध घातलं की चव गायबच व्हायची. उरलेली पूड मी डबीत घालून बरोबर नेली होती. ही गोष्ट तुम्हीही जरूर करा, कारण चिमूटभर पूड दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगते. त्याने ती दोन बोटांत चोळली. "दळण जाड आहे, ते एक. पण मुळात ही बी ड्रिपरसाठी भाजलीय."

मग त्याने जे समजावलं, त्यावरच मी आजही बिया निवडते. मोका पॉटमध्ये आपल्या हातात फार थोडं असतं. पाणी खालच्या भांड्यातल्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच भरायचं. कॉफी गाळणीच्या काठाबरोबर भरायची, दाबायची नाही. म्हणजे पाणीही ठरलेलं आणि कॉफीही ठरलेली. तीन कपांच्या पॉटला साधारण १५ ग्रॅम लागते. ड्रिपर म्हणजे वरून पाणी ओतून कॉफी गाळायचं भांडं, त्यात पाणी हळू ओतता येतं, जास्त ओतता येतं. इथे वाफेच्या दाबाने पाणी एकदाच वर चढतं आणि कॉफीला भेटायला त्याला थोडाच वेळ मिळतो. लाइट रोस्टची बी घट्ट असते, तिच्यातली चव पाण्यात सहज उतरत नाही. आंबटपणा मात्र लवकर उतरतो. त्यामुळे कपात आंबटपणा पुढे येतो आणि गोडवा मागेच राहतो. अगदी काळी, तेलाने चकाकणारी बी घेतली तर उलट होतं. तिच्यातलं सगळं पटकन सुटतं आणि कडू, जळकट चव येते. म्हणून मोका पॉटला मिडियम किंवा त्याहून थोडी गडद भाजणी.

तेव्हा तुमचा पहिला प्रश्न हा ठेवा: "ही भाजणी कुठवर नेलीय?" उत्तरावर समाधान मानू नका, बी हातात घेऊन बघा. दालचिनीच्या रंगाची दिसली तर मोका पॉटसाठी नको. चॉकलेटी तपकिरी आणि वर तेल नसलेली किंवा एखादाच ठिपका असलेली, ती घ्या.

पाकिटांवरच्या शब्दांचा अर्थही तिथेच विचारून घ्या, लाजू नका. 'चेरी' वाचून मला ती चेरीच्या चवीची कॉफी वाटली होती. आपल्याकडच्या कॉफीच्या व्यापारात चेरी म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली बी. 'प्लँटेशन' म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका. 'पीबी' म्हणजे पीबेरी, फळात दोनऐवजी एकच गोल बी निघते ती. माझ्यासाठी त्याने चिकमगळूरची प्लँटेशन अरेबिका काढली, एस ७९५ जातीची. ही जात आपल्याकडे खूप लावली जाते. "निम्मं दूध घालता, तर हिच्यात थोडी रोबस्टा मिसळून देऊ?" असंही त्याने विचारलं. रोबस्टाने कॉफीला जाडी येते आणि दुधातही ती दबत नाही. पण तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं आणि मी कॉफी संध्याकाळी पिते, म्हणून नको म्हटलं. हे आपल्याला सांगता यायला हवं, कारण आपण कधी पितो हे त्याला कसं कळणार?

दुसरा प्रश्न, "कधी भाजली?" मला वाटायचं, जितकी ताजी तितकी उत्तम. माझी चार दिवसांपूर्वी भाजलेली होती आणि त्याने सांगितलं, "अजून तीन-चार दिवस पाकीट उघडू नका." भाजल्यावर बीमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो. तो पुरेसा निघून गेला नसेल तर मोका पॉटमध्ये फेस फार येतो आणि चव उग्र लागते. मात्र पाकिटावर भाजल्याची तारीखच नसेल, फक्त वापरण्याची मुदत छापलेली असेल, तर मी तिथून घेत नाही.

दळणाचं मात्र नीट बोला, कारण ग्राइंडर नसेल तर ते तिथेच ठरतं. रव्यापेक्षा बारीक, पिठीसाखरेपेक्षा जाड. एस्प्रेसोइतकं बारीक दळलं तर पाणी वर चढायला अडतं आणि व्हॉल्व्हमधून वाफ फुसफुसते. असं झालं तर लगेच गॅस बंद करा आणि पॉट गार होईपर्यंत उघडू नका. फार जाड असेल तर कॉफी धो धो येते, पातळ आणि आंबट.

पहिल्या खेपेला १०० ग्रॅमच घ्या. तीन कपांच्या पॉटला त्यात सहा वेळा होते, पारखायला तेवढं पुरतं. दळलेली कॉफी लवकर शिळी होते, त्यामुळे पाव किलो घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

मी १०० ग्रॅम घेतली आणि सांगितलं होतं तितकं थांबले. पहिला कप आधीच्यापेक्षा कितीतरी बरा झाला. गुळासारखा गोडवा, दुधातही कॉफी कळत होती. पण शेवटच्या घोटात कडवटपणा राहायचा. पुढच्या खेपेला हेच सांगितलं, तर त्याने दुसरी बी पुढे केली नाही. विचारलं, "गॅस कधी बंद करता?" मी पॉट पूर्ण गुरगुरून शांत होईपर्यंत ठेवत होते. "धार फिकट, पिवळसर झाली की लगेच उतरवा. शेवटी वर येते ती वाफ, ती कॉफीला जाळते." आच मंद केली, वेळेवर उतरवला, कडवटपणा गेला. बी तीच होती.

आता पाकिटावर पेनाने तीन गोष्टी लिहिते: भाजल्याची तारीख, त्याने दळताना ग्राइंडर कितीवर लावला तो आकडा, आणि कप कसा झाला ते. रिकामं पाकीट पुढच्या वेळी काउंटरवर ठेवते. तो आधी पेनाने लिहिलेलं वाचतो आणि मग डब्याकडे वळतो.