पानावर एफ, कानावर डी

‘पियानो आणि तुम्ही एकच सूर वाजवता, मग तुमच्या कागदावर तो वेगळा का लिहिलेला असतो? ऐकू येतं तेच लिहायला काय होतं?’

मी क्लॅरिनेट वाजवतो. माझा कागद बोटांसाठी असतो, कानांसाठी नाही. त्यावर सी दिसला की बोटं ठरलेल्या जागी जातात. मग सूर कोणता निघेल, हे नळीची लांबी ठरवते: बी फ्लॅट क्लॅरिनेटमधून बी फ्लॅट, किंचित लांब असलेल्या ए क्लॅरिनेटमधून ए, ऑल्टो सॅक्सोफोनमधून ई फ्लॅट. एकाच कुळातलं वाद्य बदललं तरी बोटं तीच राहतात.

यावर माझी सर्वांसमोर खरडपट्टी निघाली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तालमीत गाणं ई फ्लॅट मेजरमध्ये बसवलेलं होतं. माझ्या बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या पानावर अर्थातच एफ मेजर. गायिकेचा गळा बसला होता, तिनं पट्टी अर्धा सूर उतरवायला सांगितली, म्हणजे डी मेजर. पियानोवादक प्रत्येक स्वर मनातल्या मनात खाली आणू लागला. मी बी फ्लॅट क्लॅरिनेटचा माउथपीस काढून ए क्लॅरिनेटला लावला आणि तेच पान उघडं ठेवलं. संचालक डाफरले, “मी डी म्हणतोय आणि तुम्ही एफचं पान घेऊन बसलात? लक्ष कुठंय?” मी समजावू लागलो तर म्हणाले, “वाद घालू नका, बदलून लिहा.” मी पान न बदलता वाजवलं. गार पडलेलं वाद्य पहिल्या काही ओळी किंचित उतरलेलं वाजलं, तेवढ्यावरून आणखी दोन टोमणे. नळी तापल्यावर सूर बरोबर जुळला. पानावर शेवटपर्यंत एफ मेजरच होता.

तेव्हापासून मी ही पद्धत जरा जास्तच हिरिरीनं मांडतो. पण पूर्वी मीच म्हणायचो की हे खूळ आहे, आणि ते म्हणणं अजून खोडता येत नाही. रेकॉर्डरवाले सी आणि एफ वाद्यांची बोटं वेगवेगळी शिकतात आणि ऐकू येतं तेच वाचतात. टेनर ट्रॉम्बोन मुळात बी फ्लॅटचा, तरी बहुतेकदा बास क्लेफमध्ये खरे सूरच वाचतो. संगीतकार प्रोकोफिएव्हनं तर संचालकाचा स्कोअर सरळ खऱ्या सुरांत लिहिला. वादकांची पानं मात्र पट्टी बदलूनच निघाली.

आणि त्याच तालमीत माझ्या शेजारी ऑल्टो सॅक्सोफोन होता. त्याच्या पानावर निवांत सी मेजर होता, तो आता बी मेजर झाला, पाच शार्पांचा. त्याच्याकडे अर्धा सूर खाली असलेला दुसरा ऑल्टो नव्हता. टेनर हाती आला तर त्याचीही बोटं जुळतात हे खरं, पण तो जन्मभर ऑल्टोच वाजवत आलाय. त्यानं विचारलं, “या पद्धतीचा मला काय फायदा?”

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.